अमेरिकेतला लाभांश, पुण्यातला फ्लॅट आणि राहून गेलेले शेड्यूल एफए : एक प्रकरण अभ्यास

अशिलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि डॉलरचे दर हिशेब समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत, कारण ज्या वर्षांचे हे प्रकरण आहे त्यांना तोच कायदा लागू होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एक बाई माझ्याकडे आल्या. वय अडतीस, हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीच्या भारतीय शाखेत अभियंता, पगार वर्षाला ३४ लाखांच्या आसपास. त्यांच्या मोबाइलवर आयकर विभागाचा संदेश आला होता: तुमची परदेशात मालमत्ता किंवा उत्पन्न असल्याची माहिती आमच्याकडे आहे, पण कर निर्धारण वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रात ती दिसत नाही, तपासून बघा. त्या महिन्यात असे संदेश अनेकांना गेले होते. अमेरिका आणि भारत यांच्यात २०१५ साली झालेल्या करारानुसार तिथल्या ब्रोकरांकडची भारतीयांच्या खात्यांची माहिती दरवर्षी आपल्या आयकर विभागाकडे येते. त्यामुळे संदेश चुकून आलेला नव्हता.

मूळ कंपनी त्यांना पगाराशिवाय आरएसयू देत होती, म्हणजे ठरावीक काळ नोकरीत राहिल्यावर नावावर होणारे शेअर. शेअर नावावर होतात त्या दिवशीची त्यांची किंमत पगारात धरली जाते आणि तिच्यावर टीडीएस कापला जातो. कापायच्या करापुरते शेअर ब्रोकर लगेच विकतो आणि उरलेले खात्यात जमा करतो. बाईंच्या खात्यात ऑगस्ट २०२१ मध्ये ४० शेअर जमा झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये ४० आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ४१. कंपनी दर तिमाहीला प्रत्येक शेअरमागे १ डॉलर लाभांश देत होती. ती रक्कम ब्रोकरच्या खात्यातच साचत होती.

डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी २०० डॉलर भावाने ५० शेअर विकले. पैसे पुण्याच्या बँकेत आले आणि तीन दिवसांत बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या हप्त्यापोटी बिल्डरला गेले. जुलै २०२४ मध्ये त्यांनी फॉर्म १६ समोर ठेवून स्वतःच आयटीआर-१ भरला. त्यात पगार आणि बचत खात्याचे व्याज एवढेच होते.

अडचण

“सर, शेअरवर कर कापूनच घेतला होता की,” त्या म्हणाल्या, “आणि लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापलेत. ते पैसे तर मी इकडे आणलेसुद्धा नाहीत.”

या तिन्ही समजुती मला वारंवार भेटतात. टीडीएस कापला गेला तो पगार म्हणून. त्यानंतर शेअर धरून ठेवला आणि भाव वाढला, तर ती वाढ हा वेगळा भांडवली नफा आहे. लाभांश अमेरिकेतल्या खात्यात पडून असला तरी सामान्य निवासी व्यक्तीचे जगभरचे उत्पन्न भारतात करपात्र असते, पैसे इकडे आणले की नाही याने फरक पडत नाही. आणि तिकडे कापलेल्या कराची वजावट इथे मिळते, पण मागितली तरच मिळते.

उत्पन्नापेक्षाही मोठी गोष्ट मालमत्तेच्या नोंदीची होती. परदेशात शेअर किंवा खाते असलेल्या निवासी माणसाला आयटीआर-१ चालतच नाही. त्याला आयटीआर-२ किंवा ३ भरून शेड्यूल एफएमध्ये ती मालमत्ता दाखवावी लागते, उत्पन्न शून्य असले तरी. ती दाखवली नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याच्या कलम ४३ खाली वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. लाभांशावर बाईंचे देणे किती निघाले ते पुढे येतेच. दोन हजारसुद्धा नव्हते.

हिशेब

आधी लाभांश. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये, ज्याचे कर निर्धारण वर्ष २०२४-२५ येते, जूनला ८० शेअरांवर, सप्टेंबरला १२१ वर आणि विक्रीनंतर डिसेंबर व मार्चला प्रत्येकी ७१ वर, असा एकूण ३४३ डॉलर लाभांश आला. खात्यात त्यातले २५७ डॉलर २५ सेंट जमा दिसत होते. उत्पन्न म्हणून मात्र ३४३ च धरायचे, कापलेल्या करासकट. रुपयात बदलताना नियम ११५ प्रमाणे ज्या महिन्यात लाभांश मिळाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो दर, घ्यावा लागतो. गूगलवर दिसणारा त्या दिवसाचा दर इथे चालत नाही. जून-सप्टेंबरला ८२ आणि डिसेंबर-मार्चला ८३ धरून उत्पन्न २८,२६८ रुपये झाले. उपकरासह ३१.२ टक्क्यांनी भारतातला कर ८,८२० आणि अमेरिकेत कापलेले ७,०६७. भरायचे राहिले १,७५३.

कापणी बरोबर २५ टक्केच आहे ना, हे मी मुद्दाम तपासतो. भारत-अमेरिका करारात व्यक्तीच्या लाभांशावर हीच कमाल मर्यादा आहे. आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगायला ब्रोकरकडे भरलेल्या डब्ल्यू-८बेन फॉर्मची मुदत संपली की तिकडे ३० टक्के कापले जाऊ शकतात, आणि करारापेक्षा जास्त कापलेल्या कराचे श्रेय इथे मिळत नाही.

आता विक्री. ब्रोकरच्या पत्रकात कोणत्या गठ्ठ्यातले शेअर विकले ते लिहिलेले होते: २०२१ चे सगळे ४० आणि २०२२ चे १०. परदेशी बाजारातला शेअर आपल्या कायद्याने सूचीबद्ध मानला जात नाही, म्हणून तो दीर्घकालीन व्हायला १२ नव्हे, २४ महिन्यांहून जास्त काळ हातात असावा लागतो. ४० शेअर २८ महिन्यांचे होते, म्हणजे दीर्घकालीन. १० शेअर १६ महिन्यांचे, म्हणजे अल्पकालीन.

बाईंनी घरून एक वही आणली होती. तिच्यात त्यांनी ४० शेअरांचा नफा असा काढला होता: १५० चे २०० झाले, म्हणजे शेअरमागे ५० डॉलर, एकूण २,००० डॉलर, गुणिले ८३, बरोबर १,६६,००० रुपये. आकडेमोड बिनचूक होती, पण कायदा असा हिशेब मान्य करत नाही. खरेदी आणि विक्री दोन्ही आपापल्या वेळच्या रुपयात आणायची आणि मग वजाबाकी करायची. २०२१ मध्ये शेअर नावावर झाला तेव्हा कंपनीने फॉर्म १२बीएमध्ये त्याची किंमत ११,१०० रुपये धरून कर कापला होता, १५० डॉलर गुणिले ७४. तीच त्यांची खरेदी किंमत. विक्री १६,६०० ची. चाळीस शेअरांवर फरक २,२०,००० रुपये. वहीतल्या आकड्यापेक्षा जास्तीचे ५४,००० रुपये निव्वळ डॉलर ७४ चा ८३ झाल्यामुळे आले होते, आणि तेही करपात्र नफ्यातच मोडतात. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे इंडेक्सेशन दिल्यावर, म्हणजे महागाई निर्देशांकाप्रमाणे खरेदी किंमत वाढवण्यासाठी ४,४४,००० ला ३१७ ने भागून ३४८ ने गुणल्यावर, खरेदी ४,८७,४२० झाली आणि नफा १,७६,५८० उरला. २० टक्क्यांनी उपकरासह कर ३६,७२९ रुपये. (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशन नाही आणि दर १२.५ टक्के आहे.)

अल्पकालीन १० शेअरांची खरेदी प्रत्येकी ९,४८० ची होती, एकूण नफा ७१,२०० रुपये. यातून एक छोटी रक्कम वजा झाली, जी जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये करापोटी ब्रोकरने जे १९ शेअर विकले, तीसुद्धा बाईंचीच विक्री होती. पगारात किंमत १७० डॉलर धरली गेली आणि विकले गेले १६९ ला, म्हणून १,५५८ रुपये तोटा. उरलेल्या ६९,६४२ वर पगाराच्या टप्प्याप्रमाणे कर २१,७२८ रुपये.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवला होता: गप्प बसा. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात बदल झाला आहे. स्थावर सोडून परदेशातल्या मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल तर तो १० लाखांचा दंड लागत नाही. वर्षअखेरीस ७१ शेअर १९५ डॉलरने, म्हणजे साडेअकरा लाखांच्या आतच होते. पण विक्रीच्या आदल्या दिवशी १२१ शेअर होते. १२१ गुणिले २०० गुणिले ८३ केले तर २०,०८,६०० येतात. मूल्य कोणत्या दिवसाचे धरायचे यावर वाद घालता आला असता, पण दहा लाखांच्या दंडाचा निकाल साडेआठ हजारांच्या फरकावर टांगून ठेवायला मी तयार नव्हतो. शिवाय ही सवलत फक्त दंडातून आहे. नोंद करण्याचे बंधन एक रुपयाच्या शेअरलाही आहे, आणि कराचा प्रश्न वेगळाच राहतो.

दुसरा पर्याय अद्ययावत विवरणपत्राचा, कलम १३९(८अ) चा. त्याला मुदत भरपूर होती. पण त्यात कर आणि व्याजावर जादा रक्कम भरावी लागते. आणि मला जास्त महत्त्वाचे वाटले ते कलम ४३ चे शब्द. त्या कलमात कलम १३९ च्या पोटकलम (१), (४) आणि (५) खालच्या विवरणपत्रांचा उल्लेख आहे, म्हणजे वेळेत भरलेले, उशिरा भरलेले आणि सुधारित. अद्ययावत विवरणपत्राचा नाही. म्हणून त्यातून उशिरा केलेली नोंद मूळ चूक पुसते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तिसरा पर्याय सुधारित विवरणपत्राचा, कलम १३९(५) चा. तो तेव्हा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत खुला होता. आमच्या हातात जेमतेम पाच आठवडे होते. हाच मार्ग घ्यायचे ठरले.

फ्लॅटचा विषय तोपर्यंत निघालेला नव्हता. पैसे कुठे गेले हे मी केवळ बँकेतली नोंद जुळवण्यासाठी विचारले आणि बिल्डरची पावती पुढे आली. दीर्घकालीन मालमत्ता विकून पूर्ण विक्री रक्कम भारतातल्या एका घरात गुंतवली तर कलम ५४एफ खाली त्या नफ्यावर पूर्ण सूट मिळते. विकलेली मालमत्ता परदेशातली असली तरी चालते, घर भारतात हवे. विकण्याच्या दिवशी बाईंच्या नावावर दुसरे एकच घर होते, त्यामुळे ती अटही पाळली जात होती. चाळीस शेअरांचे ६,६४,००० रुपये त्यांच्याच खात्यातून बिल्डरला गेल्याचा पुरावा होता. ३६,७२९ रुपयांचा कर शून्यावर आला. अल्पकालीन नफ्याला मात्र ही सूट नाही.

इथे आम्ही थोडे थांबलो. बांधकाम चालू असलेला फ्लॅट हा बहुधा ‘बांधकाम’ म्हणून धरला जातो, म्हणजे विक्रीपासून तीन वर्षांत, डिसेंबर २०२६ पर्यंत घर पुरे व्हायला हवे. ताबा जून २०२५ मध्ये देण्याचे करारात होते. बिल्डरने उशीर केल्यावर काय, याची जोखीम मी बाईंना स्पष्ट सांगितली आणि लेखीही दिली. सूट रद्द झाली तर तो नफा त्या तीन वर्षांची मुदत संपते त्या वर्षाच्या उत्पन्नात येईल.

काय केले

सर्वांत जास्त वेळ शेड्यूल एफएने घेतला. त्याचे वर्ष आर्थिक वर्ष नसते. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ हा काळ घ्यायचा होता. म्हणून तिथे लाभांश मार्च २०२३ पासून डिसेंबर २०२३ पर्यंतचा आला, ८० अधिक ८० अधिक १२१ अधिक ७१, एकूण ३५२ डॉलर. उत्पन्नात ३४३ आणि शेड्यूल एफएमध्ये ३५२. बाईंना वाटले माझी चूक झाली. चूक नव्हती, दोन वर्षे वेगळी आहेत एवढेच. हे दोन आकडे मारूनमुटकून सारखे करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केले की दोन्हींपैकी एक तरी हमखास चुकतो.

शेअर तक्ता ए३ मध्ये दाखवले, प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी ओळ: घेतल्याची तारीख, सुरुवातीचे मूल्य, वर्षातले सर्वोच्च मूल्य, अखेरचे मूल्य, मिळालेला लाभांश आणि विक्रीची रक्कम. सर्वोच्च मूल्यासाठी शेअर हातात असलेल्या काळातले रोजचे बंद भाव उतरवून घेतले आणि सर्वांत वरचा भाव त्या दिवसाच्या टीटी बाइंग दराने रुपयात बदलला. आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा नियम इथे लागत नाही. ब्रोकरच्या खात्यात रोख साचत होती म्हणून ते खाते तक्ता ए२ मध्येही दाखवले. दोन्हीकडे दाखवावे की नाही यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत. माझे मत दाखवावे असे आहे, कारण दोनदा दाखवल्याने कर वाढत नाही आणि एकदाही न दाखवल्याने दंड लागू शकतो.

परदेशी कराचे श्रेय घेण्यासाठी फॉर्म ६७ विवरणपत्राच्या आदल्या दिवशी भरला. पुरावा म्हणून ब्रोकरचा १०४२-एस जोडला. तोही कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यात ३५२ डॉलर लाभांश आणि ८८ डॉलर कर होता. आम्हाला हवे होते ८५ डॉलर ७५ सेंट. मार्च २०२३ चे २० डॉलर त्यातून वजा आणि मार्च २०२४ चे १७ डॉलर ७५ सेंट अधिक. मार्च २०२४ साठी १०४२-एस पुढच्या वर्षीच मिळणार होता, म्हणून त्या महिन्याचे खाते-पत्रक आणि बाईंच्या सहीचे निवेदन जोडले. नियम १२८ मध्ये ते चालते.

२० डिसेंबरला आयटीआर-२ मध्ये सुधारित विवरणपत्र गेले. २३,४८१ रुपये कर आणि कलम २३४बी व २३४सीचे मिळून तीन हजारांच्या आत व्याज.

मागची दोन वर्षे उरली होती. तिथे सुधारणेची मुदत संपलेली, फक्त अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग बाकी. त्याला एक अडसर असतो: कराराखाली परदेशातून आलेली त्या वर्षाची माहिती विभागाने करदात्याला आधीच कळवली असेल, तर त्या वर्षाचे अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही. म्हणून आलेला संदेश मी शब्द न् शब्द वाचला. त्यात फक्त २०२४-२५ चा उल्लेख होता. कर निर्धारण वर्ष २०२३-२४ साठी लाभांशावरचा निव्वळ कर १,३८९ रुपये आणि त्यावर २५ टक्के जादा, २०२२-२३ साठी ५५८ रुपये आणि त्यावर ५० टक्के जादा. दोन्ही मार्च २०२५ च्या आत भरली, फॉर्म ६७ आधी आणि विवरणपत्र नंतर, शेड्यूल एफएसकट. कलम ४३ चे पूर्ण संरक्षण यातून मिळेल असे मी त्यांना सांगितले नाही. आपण होऊन कर भरला आणि मालमत्ता दाखवली हे कधी विचारणा झाली तर आपल्या बाजूने उभे राहील, एवढेच सांगितले.

पुढे काय झाले

सुधारित विवरणपत्रावर कलम १४३(१) ची सूचना आली, श्रेय पूर्ण मान्य होऊन. २०२२-२३ च्या अद्ययावत विवरणपत्रात मात्र २,२५० रुपयांचे श्रेय नाकारले गेले. फॉर्म ६७ ची पोच जोडून दुरुस्तीचा अर्ज केल्यावर ते मिळाले. दंडाची नोटीस आजवर आलेली नाही.

काय वेगळे करता आले असते

विक्री झाली त्याच आठवड्यात, १५ डिसेंबर २०२३ च्या आत अग्रिम कर भरला असता तर व्याज जवळपास लागलेच नसते. विकायचे ५० शेअर निवडतानाही विचार करता आला असता. शेवटचे १० शेअर दोन वर्षांची मुदत भरेपर्यंत थांबवून तेवढे १,६६,००० रुपये गृहकर्जातून उचलले असते, तर अल्पकालीन कर टळला असता. पण बिल्डरचा हप्ता तारखेवर होता आणि कर्जाचेही व्याज लागलेच असते, त्यामुळे त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

माझ्याकडून एक गोष्ट उशिरा झाली. फ्लॅटबद्दल मी पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते. त्याआधी दोन आठवडे बाई साठ हजारांच्या कराची तजवीज करत होत्या आणि त्यासाठी एक मुदतठेव मोडायला निघाल्या होत्या. आता परदेशी शेअर विकलेला कुणीही आला की ब्रोकरच्या पत्रकाच्या आधी मी विचारतो, ते पैसे पुढे कशात गेले.

आता बाई दर तिमाहीला लाभांश आला की तारीख, ढोबळ रक्कम, कापलेला कर आणि आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी बाइंग दर त्याच वहीत लिहितात. दरांची जुनी पत्रके नंतर शोधायला फार वेळ जातो, म्हणून प्रत्येक पत्रक त्या त्या महिन्यातच उतरवून ठेवतात. फ्लॅटचा ताबा मिळाल्याचे पत्रही त्याच फायलीत लावायचे आहे.